भाषांतराला गुण देताना: चूक किती मोठी, हे ठरवायचं कसं?

प्रश्न: "आमच्याकडे इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणारे अठरा जण आहेत आणि तपासणारे तिघं. चुकांचे प्रकार आणि त्यांची वजनं लावून गुणपत्रक बनवलंय. पण एकाच मजकुराला एक तपासनीस ९७ देते आणि दुसरा ८६. वजनं बदलून बघू का? आणि या गुणांवरून पुढचं काम कोणाला द्यायचं, हे ठरवता येईल का?"

वजनांना इतक्यात हात लावू नका. तुमचे दोघंही तपासनीस तीच वजनं वापरताहेत, तेव्हा अकरा गुणांचा फरक तिथून आलेला नाही. तो तीन गोष्टींतून येतो: चूक कशाला म्हणायचं, तीच चूक पुन्हा आली तर किती वेळा मोजायची, आणि ती किती गंभीर धरायची. हे तिन्ही निर्णय आज तुमच्याकडे प्रत्येक जण आपापल्या मनाने घेतोय. काम वाटण्याबद्दल म्हणाल, तर ठरवता येईल, पण एकदोन नमुन्यांवरून नाही. त्याचा हिशोब पुढे मांडते.

मी बरीच वर्षं आरोग्यविषयक मजकूर तपासते आहे: औषधांची माहितीपत्रकं, संमतिपत्रं, दवाखान्यातल्या सूचना. तिथलंच एक प्रकरण उलगडून दाखवते, कारण आमचीही गाडी तुमच्यासारखीच याच जागी अडली होती.

मेथोट्रेक्सेट नावाचं औषध आहे. आमवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतलं गेल्यामुळे रुग्ण दगावल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत, त्यामुळे माहितीपत्रकातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. मूळ इंग्रजीत होतं, 'टेक वन्स वीकली'. भाषांतर आलं, 'आठवडाभर एकदा घ्या'.

नमुना ६०० शब्दांचा होता. पहिल्या तपासनिसांनी या वाक्याला 'शैली, मायनर' असा शेरा दिला. त्यांचं म्हणणं, भाषांतरकाराला 'आठवड्यातून एकदा' म्हणायचंय हे उघड आहे, शब्दरचना जराशी चुकलीय इतकंच. दुसऱ्यांनी तेच वाक्य 'अचूकता, क्रिटिकल' म्हणून लाल केलं. दोघंही अनुभवी, दोघांचंही मराठी उत्तम. फरक एवढाच, की पहिल्यांनी भाषांतरकाराच्या मनात काय होतं ते पाहिलं आणि दुसऱ्यांनी पत्रक हातात घेतलेला माणूस काय करेल ते पाहिलं. पहिल्या तपासनिसांसमोर मूळ इंग्रजी उघडं होतं, म्हणून त्यांना अर्थ 'उघड' वाटला. रुग्णासमोर ते नसतं. तो 'आठवडाभर एकदा' म्हणजे आठवडाभर, रोज एकदा, असं सहज वाचू शकतो.

म्हणून आम्ही गंभीरता ठरवायला एकच प्रश्न ठेवला: मूळ मजकूर समोर नसलेला वाचक हे वाचून काय करेल? त्याच्या जिवाला, पैशाला किंवा कायदेशीर हक्काला धक्का लागेल असं काही त्याच्या हातून होऊ शकत असेल, तर क्रिटिकल. तितकं नुकसान नाही, पण अर्थ बदलला, गळला किंवा वाचक चुकीच्या समजुतीत राहील, तर मेजर. वाचक अडखळेल, त्याला खटकेल, पण बरोबर अर्थापर्यंत पोहोचेल, तर मायनर. आणि तपासनिसाला वेगळं सुचलं म्हणून केलेला बदल असेल, तर शून्य. हा शून्याचा कप्पा ठेवाच. तो नसला की तपासनिसाची आवडनिवड मायनरमध्ये जाऊन बसते.

यातली सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे चुकीच्या प्रकारावरून गंभीरता ठरवणं. 'शुद्धलेखन आहे ना, मग मायनर', 'शब्द गळलाय ना, मग मेजर', असा हात आपोआप चालतो. त्याला थोडा इतिहासही आहे. २००१ साली मोटार उद्योगासाठी आलेल्या एसएई जे२४५० या मानकात सात प्रकार आणि प्रत्येकाच्या दोनच पायऱ्या होत्या, आणि वजन प्रकारागणिक ठरलेलं होतं. चुकीच्या पारिभाषिक शब्दाला गंभीर असेल तर ५, किरकोळ असेल तर २. विरामचिन्हाला गंभीर असलं तरी २, किरकोळ १. गाड्यांच्या दुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी हे समजण्यासारखं आहे, तिथे सगळं सुट्या भागांच्या नावांवर अवलंबून असतं. आता तेच औषधाच्या पत्रकाला लावून बघा. मेथोट्रेक्सेटची गोळी २.५ मिलिग्रॅमचीही येते. टंकताना टिंब गळून २५ झालं आणि तपासनिसाने ती चूक विरामचिन्हांत टाकली, तर जास्तीत जास्त दोन गुण कापले जातील. दहापट मात्रेला दोन गुण.

नंतर आलेल्या एमक्यूएम या चौकटीत प्रकार आणि गंभीरता वेगळ्या केल्या आहेत. युरोपीय संघाच्या निधीतून झालेल्या क्यूटीलाँचपॅड प्रकल्पात ही चौकट तयार झाली. सध्या तिच्यात वरच्या पातळीवर सात प्रकार आहेत: परिभाषा, अचूकता, भाषेचे नियम, शैली, स्थानिक संकेत, वाचकाला साजेसेपण आणि मांडणी. त्यातल्या कोणत्याही प्रकारातली चूक कोणत्याही पायरीवर बसू शकते. २०२४ च्या आयएसओ ५०६० या मानकातही चुकांचे प्रकार आणि गंभीरता यांवरूनच मूल्यमापन करायला सांगितलं आहे. माझा सल्ला, वजनं पायरीला लावा, प्रकाराला लावू नका. मायनर १, मेजर ५, क्रिटिकल २५ हे प्रमाण बऱ्याच ठिकाणी चालतं, तेच घ्या. शीटमध्ये ए स्तंभात मूळ मजकुराची शब्दसंख्या, मग अनुक्रमे मायनर, मेजर आणि क्रिटिकल चुकांची संख्या:

```
=100-(B2*1+C2*5+D2*25)/A2*100
```

शब्द मूळ इंग्रजीचे मोजा, मराठीचे नको. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे आटोपशीर लिहिणाऱ्याचे शब्द कमी भरतात आणि 'च्या माध्यमातून', 'करण्यात येते' लिहिणाऱ्याचे जास्त. भागाकार मराठी शब्दांनी केला, तर पाल्हाळ लावणाऱ्याला आपोआप बक्षीस मिळतं.

आता तो ६०० शब्दांचा नमुना पूर्ण सोडवून दाखवते. 'आठवडाभर एकदा' ही एक क्रिटिकल. ताप किंवा घसादुखी झाल्यास डॉक्टरांना लगेच कळवा, या वाक्यातला 'लगेच' गळला होता. यावर आमच्यात बराच वाद झाला. माणूस डॉक्टरांकडे जाईल, पण उद्या-परवा जाईल. आणि या औषधात तापाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. शेवटी मेजर ठरवली, कारण वाक्य अजूनही रुग्णाला योग्य जागीच पाठवत होतं, आणि कारणासकट नोंदवहीत लिहून ठेवली. 'फोलिक ॲसिड' सहा ठिकाणी 'फॉलीक' असं पडलं होतं. 'तुम्ही' चालू असताना नऊ ठिकाणी मध्येच 'आपण' आलं होतं. 'सूजेमुळे' धरून शुद्धलेखनाच्या तीन वेगवेगळ्या चुका होत्या. आणि 'डॉक्टरांद्वारे सांगितल्या गेल्याप्रमाणे' असं एक वाक्य होतं, जे 'डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे' इतकंच हवं होतं.

पहिल्या तपासनिसांनी सगळ्याच आठ चुका मायनर धरल्या. वजा आठ, म्हणजे सुमारे ९८.७. दुसऱ्यांनी 'फॉलीक' सहा वेळा मोजलं, 'आपण' नऊ वेळा मोजलं, 'डॉक्टरांद्वारे'ला मेजर दिलं, आणि 'वापरा'च्या जागी 'उपयोग करा' अशा सात सुचवण्यांनाही मायनर लावलं. क्रिटिकल आणि 'लगेच'ची मेजर होतीच. वजा ६०, म्हणजे बरोबर ९०. तुमच्याकडे ९७ आणि ८६ कसे येतात, ते यावरून दिसेल.

आम्ही ठरवलेल्या नियमांनी तोच नमुना असा बसतो: एक क्रिटिकल, एक मेजर, सहा मायनर. एकाच अज्ञानातून किंवा एकाच निर्णयातून आलेली चूक एका फाइलमध्ये एकदाच मोजायची, म्हणून 'फॉलीक' एक आणि 'आपण' एक. सुचवण्या शून्यात. वजा ३६, म्हणजे ९४. 'एकदाच मोजायची' या नियमाला आम्ही एक अपवाद ठेवला: चूक क्रिटिकल असेल आणि ती दोन वेगळ्या सूचनांमध्ये आली असेल, तर दोनदा मोजायची, कारण वाचक कुठली सूचना वाचेल ते आपल्या हातात नाही.

पण हे ९४ एका ठिकाणी फसवतं, तिकडे नीट पाहा. क्रिटिकलने ६०० शब्दांत जेमतेम चार गुण खाल्ले. ऱ्हस्व-दीर्घाच्या पंचवीस चुका केल्या तरी तेवढेच गेले असते. आणि हेच पत्रक ५,००० शब्दांचं असतं आणि त्यात ती एकच चूक असती, तर गुण पडले असते ९९.५. गुणाकार-भागाकाराला जीव जाणं कळत नाही. म्हणून क्रिटिकल चूक ही बेरजेतून सोडवायची गोष्टच नाही. एक जरी सापडली तरी फाइल नापास, गुण कितीही असोत, आणि ती परत पूर्ण तपासली जाते. २५ हे वजन मी फक्त वर्षभराच्या नोंदीसाठी ठेवते. काही जण यावर उपाय म्हणून वजन १०० करतात. तसं केल्याने छोट्या नमुन्यात गुण धाडकन खाली येतात आणि मोठ्यात ती चूक तरीही लपतेच.

आता मायनरबद्दल. मायनर चूक नोंदवताना तपासनिसाने तीन गोष्टी लिहिल्याच पाहिजेत: मूळ वाक्य, दुरुस्त वाक्य, आणि कोणत्या नियमाविरुद्ध आहे. नियम दाखवता आला नाही, तर नोंद शून्यात जाते. शुद्धलेखनाला आधार स्पष्ट आहे, मराठी साहित्य महामंडळाचे अठरा नियम आहेत. 'सूज'चं सामान्यरूप होताना उपान्त्य ऊकार ऱ्हस्व होतो, म्हणून 'सुजेमुळे'. इथे वाद नाही. पारिभाषिक शब्दाला ग्लॉसरीचा आधार. 'तुम्ही' की 'आपण', आकडे देवनागरी की रोमन, 'करावे' की 'करा', याला स्टाइल गाइडचा आधार. स्टाइल गाइडमध्ये नसलेल्या गोष्टीबद्दल भाषांतरकाराचा गुण कापणं अन्यायाचं आहे, आणि मी तसं होऊ देत नाही. त्याऐवजी ती गोष्ट स्टाइल गाइडमध्ये घाला आणि पुढच्या फाइलपासून मोजा. मूळ इंग्रजीतच घोळ असेल, किंवा आधीच्या मंजूर भाषांतरातून आलेला, कुलूप लावलेला सेगमेंट असेल, तर त्यातली चूकही भाषांतरकाराच्या खात्यावर टाकू नका.

शंका आली तर कुठल्या बाजूला झुकायचं? जे२४५० सांगतं, शंका असेल तर गंभीर धरा. मी ते मात्रा, वेळ, प्रमाण, नकार आणि इशारे या पाच गोष्टींपुरतं पाळते. बाकी ठिकाणी शंकेचा फायदा भाषांतरकाराला. सगळीकडे गंभीर धरायला लागलं, की मेजरचा अर्थच उरत नाही, आणि भाषांतरकार जपून, मूळ वाक्याला चिकटून, इंग्रजीच्या वळणाचं मराठी लिहायला लागतात. गुणपत्रकामुळे भाषा बिघडताना मी स्वतः पाहिली आहे, म्हणून हे कळकळीने सांगते.

अठरा जणांना एका रांगेत लावण्याबद्दल. समजा एका भाषांतरकाराच्या सरासरी हजार शब्दांत दहा चुका होतात. तुम्ही त्याच्या कामातले कुठलेही २५० शब्द घेतले, तर सरासरी अडीच चुका सापडायला हव्यात. पण चुका विखरून पडतात असं धरलं, तरी अशा साधारण बारा नमुन्यांपैकी एकात शून्य चुका निघतील, आणि नवांपैकी एकात पाच किंवा त्याहून जास्त. माणूस तोच, क्षमता तीच. एका आठवड्यात तो तुमच्या यादीत पहिला, दुसऱ्या आठवड्यात शेवटून दुसरा. प्रत्यक्षात चुका विखरून पडत नाहीत, अवघड परिच्छेदात गोळा होतात, त्यामुळे चढउतार याहूनही जास्त असतो. २५० शब्दांच्या नमुन्यावरून अठरा जणांचा क्रम लावणं म्हणजे बऱ्याच अंशी चिठ्ठ्या टाकणंच.

म्हणून फाइल पास की नापास, हे त्या फाइलपुरतं बघा, आणि माणसाबद्दलचं मत साठवत जा. मी एका भाषांतरकाराचे किमान ४,००० ते ५,००० तपासलेले शब्द जमल्याशिवाय त्याच्या सरासरीकडे बघत नाही, आणि तेही तीन-चार महिन्यांत, वेगवेगळ्या तपासनिसांकडून. नमुना फाइलच्या सुरुवातीचा घेऊ नका. पहिलं पान सगळेच जपून करतात. मधून आणि शेवटून घ्या, आणि कोणता भाग तपासणार हे आधी कळू देऊ नका. तपासनिसाला भाषांतरकाराचं नावही दिसता कामा नये. संमतिपत्रं करणाऱ्याची आणि ॲपमधली बटणं करणाऱ्याची तुलना करू नका. बटणांच्या मजकुरात दोन-दोन शब्दांचे सेगमेंट असतात, तिथे चुकायला जागाच वेगळी असते.

मग प्रकारांचा उपयोग काय? गुणांसाठी फारसा नाही, पण पुढे काय करायचं हे तेच सांगतात. महिन्याच्या शेवटी आडवं न बघता उभं बघा, म्हणजे एका माणसाच्या सगळ्या चुका न पाहता एका प्रकारातली सगळी माणसं पाहा. आमच्याकडे एकदा बऱ्याच जणांच्या नावावर 'परिभाषा' या प्रकारात चुका लागल्या, सगळ्या 'ॲ' असलेल्या शब्दांत: ॲसिड, ॲलर्जी, ॲनिमिया. शब्द तर डोळ्यांना बरोबर दिसत होते. खोदल्यावर कळलं, की ग्लॉसरीतला 'अ‍ॅ' हा 'अ' आणि वरचा चंद्र जोडून टंकलेला होता, आणि भाषांतरकार एकसंध 'ॲ' वापरत होते. दिसायला एक, संगणकाला दोन. शब्द जुळवणारं साधन प्रत्येक ठिकाणी इशारा देत होतं आणि तपासनीस तो तसाच उचलून चुकीत टाकत होते. अठरांपैकी सात-आठ जणांची तीच चूक दिसली, तर माणसं सोडा, आधी ग्लॉसरी, स्टाइल गाइड आणि साधन तपासा. उलट एकाच माणसाची 'अचूकता' सतत लागत असेल, तर त्याच्या इंग्रजी वाक्यांकडे बघा. बहुतेक वेळा 'अनलेस', 'नो मोर दॅन', दुहेरी नकार अशा दोन-चार रचनांवरच तो घसरत असतो, आणि अर्ध्या तासाच्या बोलण्यात ते सुटतं.

तिघा तपासनिसांचा सूर जुळवायला हे करा. झालेल्या कामातला ६०० शब्दांचा एक मजकूर तिघांना वेगवेगळा द्या, एकमेकांशी न बोलता तपासायला. मग तिघांना समोरासमोर बसवा आणि गुण झाकून ठेवा. एकेक चूक घेऊन विचारा: ही तिघांनाही दिसली का? तिघांनी चूक मानली का? पायरी तीच दिली का? पहिल्या बैठकीत गंभीरतेपेक्षा पहिल्याच प्रश्नावर जास्त वेळ जातो. एकाला दिसलेली क्रिटिकल दुसऱ्याला दिसलीच नव्हती, हे कळणं फार बोचतं, पण ते तिथेच कळलेलं बरं. ठरलेला प्रत्येक निर्णय उदाहरणासकट एका फाइलमध्ये उतरवा. दहा ओळींच्या व्याख्येपेक्षा 'आठवडाभर एकदा: क्रिटिकल, कारण रोज असं वाचलं जाऊ शकतं' ही एक ओळ जास्त उपयोगी पडते.

भाषांतरकारालाही नोंदी दाखवा आणि आठवडाभरात हरकत घ्यायची मुभा द्या. हरकतीचा निर्णय मूळ तपासनिसाने घ्यायचा नाही, उरलेल्या दोघांपैकी एकाने घ्यायचा. कोणत्या तपासनिसाच्या किती हरकती मान्य झाल्या, हेही मोजत राहा.

आमच्या तिसऱ्या बैठकीनंतर नवा मजकूर घेतला, तेव्हा क्रिटिकल आणि मेजर तिघांच्याही सारख्या आल्या. गुणांत दोनेक गुणांचा फरक राहिला, तो सगळा शैलीच्या मायनरांचा होता, आणि तो आम्ही तसाच सोडून दिला. त्या दिवसापासूनचेच गुण आम्ही माणसांच्या नोंदीत धरले. आधीचे सगळे काढून टाकले, कारण ते वेगळ्या पट्टीने मोजलेले होते. तुमच्याकडे आज जमलेले ९७ आणि ८६ सुद्धा नव्या गुणांच्या शेजारी ठेवू नका.